मंगलला, डब्याबरोबर

वाई, रविवार पेठ
12 जानेवारी 2025

प्रिय मंगल,

परवा तू घरी आलीस हे भाऊजींनी फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं. सोमवारी तुला आत नेलं तेव्हा मी 9वीच्या वर्गावर होते आणि पोरांना एकच आकृती दोनदा काढायला लावली. दुपारी 'झालं, शुद्धीवर आहे' असा निरोप आला तेव्हा कुठे डबा उघडला. लवकर बरी हो गं. 'लवकर' म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या सहा आठवड्यांत हो. तू चार आठवड्यांत व्हायला जाशील, आणि मला भीती आहे ती त्याचीच.

फोन न करता चिठ्ठी पाठवतेय, कारण फोनवर तू सगळ्याला 'अगं नको, होतंय सगळं' म्हणतेस. सतरा वर्षं ऐकतेय. मीही वेगळी नव्हते म्हणा. चार वर्षांपूर्वी माझी पिशवी काढली तेव्हा जो तो म्हणायचा, 'काही लागलं तर सांग हं'. मी कुणालाच काही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आधी आठवायचं, मग त्या माणसाला वेळ असेल का ते बघायचं, मग संकोच गिळायचा. त्यापेक्षा बादली उचलणं सोपं. बाराव्या दिवशी मी ती उचलली, अर्धीच होती, आणि रात्री अंगावरून इतकं जायला लागलं की ह्यांनी गाडी काढून परत दवाखान्यात नेलं. निभावलं, पण आठ दिवस पुन्हा आडवी. म्हणून तुला 'काय हवं' ते विचारतच नाही. काय काय ठरलंय ते कळवतेय. नको असेल ते खोड.

गुरुवारी, 16 तारखेला, टाके काढायला साताऱ्याला जायचंय ना? ह्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच असते. गाडी नऊ वाजता गंगापुरीत तुमच्या दाराशी येईल. भाऊजी पुढे बसतील, तू मागे पाय सैल सोडून बस. पोटाशी एक छोटी उशी घट्ट धर. पाचवड फाट्यापर्यंतचे गतिरोधक तुला माहीतच आहेत, उशीशिवाय प्रत्येक टाका मोजता येतो. खोकताना, शिंकताना, हसतानाही तीच उशी. भाऊजी रिक्षा नाहीतर एसटीचं बोलत होते, त्यांना तू काही बोलू नकोस, ह्यांनी त्यांच्याशी परस्पर बोलून घेतलंय. पेट्रोलचं नाव काढलंस तर हे रागावतील.

डबा मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी, साडेसातला, जानेवारी संपेपर्यंत. रोज जमणार नाही, खरं सांगते. शाळा, सासऱ्यांचं पथ्य आणि पूर्वपरीक्षा यांतून दोन दिवसच काढू शकले. चौघांपुरतं असेल. भाकरी, एखादी फळभाजी, मुगाची पातळ आमटी, भात. तिखट कमी, सासूबाईंना अळणी वाटेल, त्यांनी वरून चटणी घ्यावी. परवा मंगळवारी संक्रांत आहे म्हणून गुळाची पोळीही येईल, पण तू अर्धीच खा. ऑपरेशननंतर पोट साफ होणं हीच मोठी परीक्षा असते, तिथे जोर लावायचा नाही. पाणी भरपूर पी, पपई खा, आणि डॉक्टरांनी त्यासाठी औषध दिलं असेल तर लाजून बाजूला ठेवू नकोस.

शाळेचं आता. मला ठाऊक आहे, तुझा जीव 10वी 'ब' मध्ये अडकलाय. बोर्ड 21 फेब्रुवारीला सुरू होतंय, तुझे सहा आठवडे 17 ला भरतात, आणि महत्त्वमापन अजून राहिलंय. हेच घोकत असशील. तर ऐक. भूमितीचे तास कदम सर घेताहेत. वर्तुळाचा सराव त्यांनी शुक्रवारी संपवला, उद्यापासून महत्त्वमापन. ते तुझ्याइतकं रंगवून शिकवत नाहीत, पण पाठ सोडत नाहीत. बीजगणित तू डिसेंबरातच संपवलं होतंस, त्याच्या सरावाचे दोन तास मी मागून घेतलेत. अंकगणिती श्रेढी आणि संभाव्यता मला झेपते. प्रमेयं माझ्या वाट्याला देऊ नका असं मी सरांना स्पष्ट सांगितलंय, विज्ञानाच्या बाईने पायथागोरस सिद्ध करायला घेतला तर पोरं घरी जाऊन सांगतील.

पूर्वपरीक्षा 20 पासून. भूमितीचे 52 पेपर कदम सर तपासतील, बेरजा आणि गुणतक्ता माझ्याकडे. पेपर तुझ्याकडे घरी पाठवा असा तुझा निरोप तात्या घेऊन आला होता. तो मी हेडमास्तरांपर्यंत पोचूच दिला नाही. राग आला तर ये. (म्हणजे येऊ नकोस.) मांडीवर गठ्ठा घेऊन दोन तास वाकून बसणं हे कामच आहे, कुणी त्याला 'बसून करायचं' म्हणो. ज्या पाच-सहा मुलांची तुला काळजी वाटते त्यांचे पेपर तपासून झाले की मी शुक्रवारच्या डब्याबरोबर आणेन, नुसते बघायला. लाल पेन मात्र घरीच ठेवून येईन.

तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. अंतर्गत मूल्यमापनाच्या 20 गुणांची तुझी वही कुठल्या कपाटात आहे, आणि चावी कुणाकडे? स्टाफरूममधलं तुझं कपाट बंद आहे, तात्याच्या जुडग्यात चावी नाही. तुझ्या पर्समध्ये असेल तर सईच्या हाती दे.

रजेचंही बघितलं. अर्ज मी लिहून ठेवलाय, मंगळवारी डब्याच्या पिशवीत येईल, तू फक्त सही कर. वैद्यकीय कारणासाठीची परिवर्तित रजा आहे, खात्यातून अर्धवेतनी रजा दुप्पट वजा होते, पण तुझ्या खात्यावर पुरेशी शिल्लक आहे, जाधवभाऊंनी सेवापुस्तक काढून दाखवलं. गुरुवारी जाशील तेव्हा डॉक्टरांकडून किती दिवस विश्रांती हे लिहिलेलं प्रमाणपत्र घे. आणि हजर होताना फिटनेस लागेल, तो आत्ता मागू नकोस. बिलांच्या मूळ प्रती भाऊजींनी एका जागी ठेवाव्यात, औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा, कारण मेडिकलच्या पावतीवरची शाई उन्हात उडते. त्यांची झेरॉक्स लगेच काढून घ्या. मंजूर किती होईल ते पुढचं पुढे, पण कागद हरवला म्हणून अडायला नको.

सई. तिची 8वीची शिष्यवृत्ती फेब्रुवारीत आहे आणि गणित तूच घ्यायचीस. बुधवारी आणि शनिवारी शाळा सुटल्यावर तिला माझ्याकडे घेऊन येईन, आमच्या रोहनबरोबर बुद्धिमत्तेचे जुने पेपर सोडवतील, गणित रोहन सांगेल. तो 11वीत आहे आणि त्याला वाटतं त्याला सगळं येतं, तेवढं सईने सोसावं. सातला मी तिला स्कूटीवर सोडेन. पोरगी तशी धीराची आहे, पण सोमवारी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन नुसती उभी राहिली होती. मी तिला कंपासमधला पेन्सिलचा तुकडा शोधायला लावला. तुझं ऑपरेशन नेमकं कशाचं, हे तिला तूच नीट सांग. वर्गातल्या एकीने तिला भलतंच काही सांगितलंय.

घरातल्या कामाचं म्हणशील तर माझ्याकडच्या मावशी 11 वाजता तुमच्याकडे येऊन फरशी पुसून, पाणी भरून जातील, 31 जानेवारीपर्यंत. त्यांचे पैसे तुम्ही द्यायचे, किती ते सासूबाईंशी बोलल्यात. सिलिंडर, कळशी, गव्हाचा डबा, धुण्याची बादली: यातलं काहीही तू हलवायचं नाही. भरलेला कुकर दोन्ही हातांनीसुद्धा नाही. चालायचं मात्र रोज, घरातल्या घरात, थोडं थोडं. नुसतं पडून राहिलं तर पोटऱ्या धरतात. एका पोटरीत दुखून सूज आली, किंवा ताप आला, अंगावरून भडभडून जायला लागलं, टाक्यातून पू दिसला, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. दवाखान्याला फोन करा आणि मग ह्यांना, रात्री दोन असले तरी. आमची गाडी दारातच असते.

भेटायला येणाऱ्यांचं मी स्टाफरूममध्ये परस्पर मिटवलंय. पुढच्या रविवारपर्यंत कुणी जायचं नाही, गेलात तर दोघंदोघं, दहा मिनिटं, आणि चहा घ्यायचा नाही. 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच सगळ्यांना माहीत आहे, जास्त कुणी विचारलं नाही, विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. हळदीकुंकवाला यंदा कुठे जायचं नाही आणि घरी घालायचं तर बिलकूल नाही. रथसप्तमीपर्यंत बायका येतच राहतील. सासूबाईंना म्हणावं, दाराशीच वाण घ्या आणि 'सून झोपलीय' म्हणा.

एक सांगायचं राहतंय. पाचव्या-सहाव्या दिवशी मला उगाच रडू यायचं. दुधाचं पातेलं उतू गेलं म्हणून मी अर्धा तास रडले होते. तुलाही येईल कदाचित, किंवा येणारही नाही, तू माझ्यापेक्षा घट्ट आहेस. आलं तर मला फोन कर, आठ ते नऊमध्ये, तेव्हा मी भांडी आवरत असते आणि बोलायला मोकळी असते. 'नको नको'वाला फोन चालणार नाही.

गुरुवारी मी येऊ शकत नाही, सहावी-सातवीचे प्रयोग लावायचेत. शुक्रवारी डबा घेऊन मी स्वतः येईन. कृष्णाबाईच्या उत्सवात तुझ्या गंगापुरीच्या घाटाची पाळी येईल तोवर पायऱ्या उतरायला डॉक्टर हो म्हणाले तर प्रसादाला बरोबर जाऊ, नाहीतर मी द्रोण घेऊन वर येते.

तुझी,
वर्षा

ता.क. रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून सासूबाई काहीतरी तळायला बसतील. त्यांना म्हणावं, चिमूटभर साखर घाला. आणि चावीचं विसरू नकोस.