सुरुवातीचे अंक ठरलेले असताना क्रमांक किती?
(वर्गात सोडवायचा सराव, वेळ ३० मिनिटे. कॅल्क्युलेटर नको.)

एका ग्रंथालयाने सभासदांना ९ अंकी क्रमांक द्यायचे ठरवले. प्रत्येक क्रमांक ४७२ ने सुरू होतो. पुढच्या जागांवर ० ते ९ पैकी कोणताही अंक चालतो, तोच अंक पुन्हा आला तरी हरकत नाही. वेगवेगळे क्रमांक किती होतील?

आधी वहीत नऊ चौकटी आखा. पहिल्या तिघांत ४, ७, २ लिहून टाका. तिथे निवडच नाही, म्हणजे पर्याय प्रत्येकी एक. उरलेल्या सहा चौकटींवर १० लिहा.

१ × १ × १ × १० × १० × १० × १० × १० × १० = १०⁶ = १०,००,०००

इथे दरवर्षी दोन चुका दिसतात. काही जण ६ × १० = ६० लिहितात. पण एका चौकटीतल्या प्रत्येक अंकासोबत पुढच्या चौकटीत पुन्हा दहाही अंक येऊ शकतात, म्हणून गुणाकार. दुसरी चूक ९,९९,९९९ ची. ४७२००००००  हाही क्रमांकच आहे, तो मोजायचा राहतो. शेवटचे सहा अंक ०००००० पासून ९९९९९९ पर्यंत जातात, म्हणून बरोबर दहा लाख.

आता तुम्ही सोडवा.

१. चौथा अंक ० किंवा १ नसावा, अशी अट घातली तर?

२. शेवटचा अंक तपासणीचा ठेवला: नऊही अंकांची बेरीज १० ने भागली जावी. उदाहरणार्थ ४७२३०५८६ नंतर ५ च येईल, कारण आधीची बेरीज ३५ आहे. आता क्रमांक किती?

३. ग्रंथालयाने ठरवले, ‘४७२ ने सुरू होणारे आणि ४७ ने सुरू होणारे, दोन्ही वापरू.’ एका विद्यार्थ्याने १०⁶ + १०⁷ = १,१०,००,००० असे उत्तर काढले. त्याचे कुठे चुकले?

४. सभासद ३५ लाख होणार आहेत. नऊपैकी सुरुवातीचे जास्तीत जास्त किती अंक कायम ठेवता येतील? (तपासणीचा अंक नाही.)

५. ९७८ ने सुरू होणाऱ्या १३ अंकी आयएसबीएनमध्ये शेवटचा अंक तपासणीचा असतो. नुसत्या अंकांच्या हिशेबाने असे क्रमांक जास्तीत जास्त किती?

उत्तरे (आधी स्वतः सोडवा, मग पाहा)

१. ८ × १०⁵ = ८,००,०००.

२. १,००,०००. शेवटची चौकट दिसायला मोकळी, पण तिथला अंक आधीच्या आठांनी ठरवून टाकलेला असतो. तिच्यावर १० नव्हे, १ लिहायचा.

३. ४७२ ने सुरू होणारा प्रत्येक क्रमांक ४७ नेही सुरू होतोच. तो दोनदा मोजला गेला. उत्तर १,००,००,०००.

४. दोन. सहा जागा मोकळ्या ठेवल्या तर दहा लाखच होतात, सात ठेवल्या तर एक कोटी. ९ − ७ = २.

५. १३ − ३ − १ = ९ मोकळ्या जागा, म्हणून १०⁹, म्हणजे १०० कोटी.