वेर्णा की कुंडई : दोन नोकरी-प्रस्तावांचा भारांकित गुणतक्ता

उमेदवार : एम.एस्सी. रसायनशास्त्र, गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत 3 वर्षांचा अनुभव, वय 27, राहणार फोंडा. घरात वडिलांची पेन्शन येते, कर्जाचा हप्ता नाही. पाच वर्षांत प्रयोगशाळेत गटप्रमुख व्हायचे आहे.

प्रस्ताव अ : वेर्णा औद्योगिक वसाहतीतली निर्यात करणारी औषध कंपनी. तीन पाळ्या, सीटीसी वर्षाला 6,60,000.
प्रस्ताव ब : कुंडईतली मध्यम आकाराची चाचणी प्रयोगशाळा. सकाळी 9 ते 5.30, सीटीसी वर्षाला 5,40,000.

दोन्हीकडे आठवड्याला सहा दिवस काम, म्हणून महिन्याचे 26 दिवस धरले आहेत.

आधी भार, मग गुण

भार ठरवून झाल्याशिवाय गुणांच्या रकान्याला हात लावू नका. गुण दिसले की मन आवडत्या प्रस्तावाला जिंकवण्यासाठी भार सरकवू लागते, आणि तक्ता आधीच घेतलेल्या निर्णयाची साक्ष देण्यापुरता उरतो. वीस चिंचोके घ्या, चार ढीग करा, एक चिंचोका म्हणजे 5 भार. तुम्ही केलेली वाटणी पगार 6, प्रवास 4, वाढ 6, स्थैर्य 4 अशी आली. म्हणजे 30, 20, 30, 20. ती इथे तशीच ठेवली आहे.

पगार : सीटीसीतून खरा आकडा काढणे

दोन सीटीसींमध्ये महिन्याला 10,000 चा फरक दिसतो. तो तसाच तक्त्यात टाकला तर पुढचे सगळे चुकते, म्हणून या रकान्यावर सर्वांत जास्त वेळ घालवला आहे.

| महिन्याचा हिशेब (रुपये) | अ वेर्णा | ब कुंडई |
|---|---|---|
| सीटीसी | 55,000 | 45,000 |
| वजा : कामगिरीवरचा बदलता भाग | 5,500 | – |
| वजा : कंपनीचा पीएफ हिस्सा | 3,300 | 1,800 |
| वजा : ग्रॅच्युइटी, मूळ पगाराच्या 4.81% | 1,323 | 1,082 |
| वजा : गट विमा हप्ता | 500 | – |
| ठरलेला एकूण पगार | 44,377 | 42,118 |
| वजा : तुमचा पीएफ हिस्सा | 3,300 | 1,800 |
| वजा : कँटीन आणि कंपनी बस | 1,450 | – |
| वजा : स्वतःच्या स्कूटरचा खर्च | – | 1,633 |
| अधिक : रात्रपाळी भत्ता, 8 रात्री × 150 | 1,200 | – |
| हातात उरणारे | 40,827 | 38,685 |

10,000 चे 2,142 झाले. पण इथेच थांबलात तर उलटी चूक होईल. अ मध्ये पीएफ पूर्ण मूळ पगारावर, 27,500 च्या 12% ने कापला जातो. ब मध्ये मूळ पगार 22,500 असला तरी पीएफ 15,000 च्या कायदेशीर मर्यादेवर, म्हणजे 1,800. दोन्ही बाजूंचे हिस्से मिळून अ मध्ये 6,600 आणि ब मध्ये 3,600. हे तुमचेच पैसे आहेत. कंपनीच्या हिश्श्यातले 1,250 पेन्शन योजनेकडे जातात, पण ते दोन्हीकडे सारखेच असल्याने फरकाला धक्का लागत नाही.

बदलता भाग पूर्ण धरू नका, शून्यही धरू नका. मुलाखतीत गेल्या दोन वर्षांत साधारण 70% मिळाल्याचे तोंडी सांगितले गेले. म्हणून 5,500 पैकी 3,850 धरले. ग्रॅच्युइटी गुणांत घेतलेली नाही, कारण कायम नोकरीत ती पाच वर्षांच्या सेवेनंतर हाती येते. विमा हप्ताही रोकड नाही. आयकराने दोघांत फरक पडत नाही : 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर भरावा लागत नाही.

खरी मासिक किंमत, अ : 40,827 + 6,600 + 3,850 = 51,277. ब : 38,685 + 3,600 = 42,285.

गुणांसाठी दोन टोके बांधली. सध्याच्या नोकरीत याच पद्धतीने 30,000 पडतात, तिथे 0. महिना 60,000 ला 10. दर 3,000 ला एक गुण. अ ला 7.1, ब ला 4.1. टोके न बांधता “हा 8, तो 6” असे अंदाजाने दिलेले गुण दुसऱ्या दिवशी बदलतात.

प्रवास

वेर्ण्याला कंपनीची बस फोंड्याहून बोरी पुलावरून लोटलीमार्गे जाते. घरातून निघून गेटवर पोचेपर्यंत 65 मिनिटे. त्यात बसच्या थांब्यापर्यंतचे चालणे आणि 10 मिनिटे आधी उभे राहणेही आले. दिवसाला 130 मिनिटे. कुंडई म्हणजे फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी ओलांडून 11 किलोमीटर. स्कूटरवर 25 मिनिटे, दिवसाला 50. महिन्याला अ मध्ये 56 तास 20 मिनिटे जातात, ब मध्ये 21 तास 40 मिनिटे.

स्कूटरचा खर्च असा : महिन्याला 572 किलोमीटर, लिटरला 45, पेट्रोल 97 रुपये धरून 1,233, आणि टायर-ऑइलसाठी 400.

नुसत्या मिनिटांवर गुण दिले तर पावसाळा विसरला जातो. जून ते सप्टेंबर रेनकोट घालून दुचाकीवर जाणे आणि बसमध्ये बसून जाणे सारखे नाही. म्हणून वेळेला 70%, भरवशाला 30%. वेळेसाठी 30 मिनिटांना 10 आणि 180 मिनिटांना 0, दर 15 मिनिटांना एक गुण. अ : वेळ 3.3, भरवसा 7, एकूण 4.4. ब : वेळ 8.7, भरवसा 5, एकूण 7.6. बस वेळेवर येते, पण एकदा चुकली की मडगाव बसस्थानकावरून फिरून जावे लागते. म्हणून अ ला भरवशाचे 7, त्याहून जास्त नाहीत.

वाढ

तीन भाग : शिकायला काय मिळेल (50%), वरच्या पायऱ्या किती (30%), पुढच्या नोकरीत या अनुभवाला भाव किती (20%).

शिकण्यात ब पुढे आहे. लहान प्रयोगशाळेत एकच माणूस एचपीएलसी, जीसी, पद्धतीची प्रमाणता तपासणे आणि आयएसओ/आयईसी 17025 च्या ऑडिटची कागदपत्रे हे सगळे हाताळतो. वेर्ण्यात पहिली दोन वर्षे बहुधा एकाच यंत्रावर आणि ठराविक उत्पादनांवर जातील. मात्र तिथे यूएस एफडीएच्या तपासणीला तोंड देणारी शिस्त अंगवळणी पडते : ऑडिट ट्रेल, कच्च्या नोंदींची अखंडता, ठरलेल्या मर्यादेबाहेर निकाल आला तर चौकशी कशी करायची. निर्यात करणाऱ्या कंपन्या मुलाखतीत हेच विचारतात. पायऱ्यांच्या बाबतीत तुलनाच होत नाही. ब मध्ये विश्लेषकाच्या वर तांत्रिक व्यवस्थापक, आणि ते पद सध्या भरलेले आहे.

अ : 7, 8, 9, म्हणजे 7.7. ब : 8, 4, 6, म्हणजे 6.4.

स्थैर्य

करारपत्र 40%, धंद्याची तब्येत 40%, सोडण्याच्या अटी 20%. अ मध्ये परिविक्षा 6 महिने, आणि ती आणखी 6 महिने वाढवता येईल असे कलम आहे. नोटीस 90 दिवसांची. 18 महिन्यांच्या आत सोडल्यास प्रशिक्षणखर्चाचे 50,000 परत. ब मध्ये परिविक्षा 3 महिने, नोटीस 30 दिवसांची, बंधपत्र नाही. पण ब चे निम्म्याहून अधिक काम दोन ग्राहकांकडून येते. एक गेला की माणसे कमी होतात.

अ : 6, 8, 4. ब : 8, 4, 8. दोन्हींची बेरीज 6.4. म्हणजे आज स्थैर्याला 10 भार द्या की 40, त्या रकान्यातून फरक निघत नाही. तो काढायचा तर नवी माहिती लागेल. अ साठी एफडीएच्या संकेतस्थळावर त्या कारखान्याच्या नावे वॉर्निंग लेटर किंवा आयात-सूचना आहे का ते बघा. ब साठी एनएबीएलच्या यादीत मान्यतेची मुदत आणि व्याप्ती बघा, आणि ईपीएफओवर आस्थापनेचा पीएफ दरमहा भरला जातो का तेही.

तक्ता

| निकष | भार | अ गुण | अ भार×गुण | ब गुण | ब भार×गुण |
|---|---|---|---|---|---|
| पगार | 30 | 7.1 | 213 | 4.1 | 123 |
| प्रवास | 20 | 4.4 | 88 | 7.6 | 152 |
| वाढ | 30 | 7.7 | 231 | 6.4 | 192 |
| स्थैर्य | 20 | 6.4 | 128 | 6.4 | 128 |
| बेरीज | 100 | | 660 | | 595 |

शंभरपैकी अ 66.0, ब 59.5. शीटमध्ये भार B2 ते B5, अ चे गुण C आणि ब चे D रकान्यात ठेवले तर :

```
=SUMPRODUCT($B$2:$B$5,C2:C5)/10
=SUMPRODUCT($B$2:$B$5,D2:D5)/10
```

`$` चिन्हे विसरलात तर सूत्र शेजारी ओढताना भाराचा रकानाही सरकतो आणि बेरीज गुपचूप चुकते.

निकाल किती पक्का

6.5 चा फरक बरा आहे, अभेद्य नाही. पगाराचे भार काढून प्रवासाला देत गेलात तर साडेदहा भार सरकल्यावर दोघे बरोबरीत येतात, म्हणजे पगार 19.5 आणि प्रवास 30.5. घरी वेळ हवा ही गरज तुमच्यासाठी खरोखर एवढी मोठी असेल तर कुंडई निवडणे चूक नाही.

बदलता भाग एक रुपयाही मिळाला नाही तर अ ची किंमत 47,427, पगाराचे गुण 5.8, बेरीज 62.1. तरीही अ पुढे. त्यावर कंपनीची बसही बंद झाली तर वेर्ण्याला रोज 48 किलोमीटर स्कूटर चालवावी लागेल. महिन्याचा खर्च कँटीन-बसच्या 1,450 मधल्या बसच्या 800 वरून 3,490 वर जाईल आणि पगाराचे गुण 4.9 वर येतील. वेळ 90 मिनिटांवर उतरेल, पण रात्रपाळी आणि पाऊस धरून भरवसा 2, म्हणून प्रवासाचे 4.8. बेरीज 60.2. फरक उरतो 0.7, आणि एवढ्या फरकावर निर्णय घ्यायचा नसतो. या निकालाचा सगळा भार बस आणि बदलता भाग या दोन गोष्टींवर आहे.

ब कडे पगार वाढवून मागायचा असेल तर बरोबरीसाठी महिन्याला सुमारे 6,500 निव्वळ हवेत. वाढीतला थोडा भाग ग्रॅच्युइटीत जाईल हे धरून सीटीसी साधारण 6,20,000. त्याखालची वाढ तक्ता उलटवत नाही.

आता करायचे

अ स्वीकारावा, पण सही करण्याआधी मनुष्यबळ विभागाकडून ईमेलवर तीन उत्तरे घ्यावीत. फोंड्याची बस तिन्ही पाळ्यांना आहे का, आणि ती बंद झाल्यास प्रवासभत्ता किती? या विभागात गेल्या दोन वर्षांत बदलत्या भागाचे किती टक्के दिले? परिविक्षा वाढवायची झाली तर कारण लेखी मिळेल का? त्यासोबत चवथीच्या दिवसांत पाळ्या कशा लावतात तेही विचारून घ्या. त्याचा वेगळा निकष करण्याची गरज नाही, पण पहिल्याच वर्षी घरच्या गणपतीला सुट्टी नाही हे ऑगस्टमध्ये कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

ब ला नकार या उत्तरांनंतरच कळवा. त्यांनी दिलेल्या मुदतीच्या आदल्या दिवशीपर्यंत अ कडून बसचे उत्तर लेखी आले नाही, तर अ च्या बेरजेत 60.2 लिहा आणि ब शी 6,20,000 वर बोलायला बसा.