एका दिवसाचं जेवण आणि तीन स्लाइड

नर्सिंग प्रथम वर्ष, पोषणशास्त्र. मागच्या तासाच्या स्लाइड तुम्ही उतरवून घेतल्यात, पण वह्या पाहिल्यावर लक्षात आलं की आकडे पाठ आहेत आणि ते ताटाशी जोडलेले नाहीत. म्हणून आज एकाच माणसाचा एकच दिवस घेऊ आणि तिन्ही स्लाइड त्याच्यावर लावू.

नाश्त्याला दोन अंडी, ती परतायला चमचाभर तेल, ब्रेडचे दोन स्लाइस आणि एक ग्लास सायीचं दूध. दुपारी भात, डाळ, पालेभाजी. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे आणि एक संत्रं. रात्री पुन्हा भात, मासे, गाजर.

पहिली स्लाइड, मुख्य पोषकघटक. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅममागे ४ किलोकॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ ९. फक्त नाश्ता मोजू. ब्रेडमधून साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं, दुधातून १२, अंड्यांतून जेमतेम १, झाली ४३. प्रथिनं अंड्यांची १२, दुधाची ८, ब्रेडची ५, म्हणजे २५. स्निग्धांश अंड्यांतला १०, दुधातला ८, ब्रेडमधला २ आणि तेलाचा ५, तोही २५. आता गुणाकार करा: १७२, १०० आणि २२५. एकूण ४९७. प्रथिनं आणि स्निग्धांश वजनाने अगदी सारखे, पण ऊर्जा दुपटीहून जास्त फरकाची. चमचाभर तेल कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, तरी ४५ किलोकॅलरी त्याच्याच आहेत. रुग्णाला 'काय खाल्लं' विचारताना 'कशात परतलं' हेही विचारा.

दुपारच्या ताटात एकच गोष्ट बघा. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यांतलं लायसिन तांदळाच्या प्रथिनांत कमी असतं, मेथिओनिन डाळीच्या. एकातली उणीव दुसरं भरून काढतं. दोन्ही एकाच घासात हवीत असं मात्र नाही, दिवसभरात आली तरी चालतात.

दुसरी स्लाइड, ऊर्जा संतुलन. समजा दिवसाची बेरीज २१०० झाली आणि खर्च २००० आहे. या खर्चातला बहुतेक वाटा, साधारण ६० ते ७० टक्के, नुसतं जिवंत राहण्यात जातो: श्वास, हृदय, मेंदू, यकृत. अन्न पचवण्यात सुमारे १० टक्के. उरलेला हालचालीचा. म्हणजे १०० शिल्लक. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० किलोकॅलरी, तेव्हा कागदावर ७७ दिवसांत एक किलो वाढायला हवं. प्रत्यक्षात तसं सरळ रेषेत होत नाही, कारण वजन वाढलं की खर्चही वाढतो. कमी खाल्लं तर उलट, शरीर खर्च आवरतं. आहार पाळूनही वजन अडकलेल्या माणसाला 'तुम्ही चोरून खाता' असं कधीही म्हणू नका. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

तिसरी स्लाइड, अभावाचे आजार. तक्ता पाठ करू नका, ताटातून एकेक पदार्थ काढा. संत्रं आणि पालेभाजी काढली की क जीवनसत्त्व गेलं. कोलॅजन नीट बनत नाही, मग हिरड्यांतून रक्त येतं आणि जखमा भरत नाहीत: स्कर्व्ही. ब्रिटिश नौदलातला डॉक्टर जेम्स लिंड याने १७४७ मध्ये जहाजावरच्या आजारी खलाशांना वेगवेगळे उपाय दिले; संत्री-लिंबं मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. भात पूर्ण पॉलिश केलेला आणि सोबत दुसरं काहीच नाही, तर थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, कमी पडून बेरीबेरी. गाजर, पालेभाजी, अंडी, दूध सगळंच गेलं तर अ जीवनसत्त्व, आणि पहिली खूण रातांधळेपणा. मीठ आयोडीनयुक्त नसेल आणि मासेही बंद, तर गलगंडाचा धोका.

इथे पहिली स्लाइड परत काढा. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाशिवाय नीट शोषली जात नाहीत. नुसतं उकडलेलं गाजर दिलं आणि तेलाचा थेंब नाही, तर त्यातलं बरंचसं वाया जातं.

बेरीज २१०० ठेवून हे सगळं काढता येतं, हे लिहून घ्या. त्याच जागी भात वाढवला की ऊर्जा पुरते, वजनही भरतं आणि रक्तक्षय होतो. मूल गुबगुबीत दिसलं म्हणून थांबू नका. पायावर बोट दाबून खळगा राहतो का बघा. प्रथिनांच्या अभावाने होणाऱ्या क्वाशिओरकरमधली सूज अशीच फसवते. एकूण अन्नच कमी पडून होणाऱ्या सुकटी या आजारात मूल हाडांवर आलेलं असतं, ते नजरेतून सुटत नाही.

आपल्या माणसाच्या दिवसात एक दुरुस्ती सुचवते. डाळ-पालेभाजीतलं लोह शरीर कमी शोषतं, क जीवनसत्त्व सोबत असलं तर जास्त. त्याचं संत्रं संध्याकाळी येतंय, ते दुपारच्या जेवणात आणा. जेवणाला लागून चहा असेल तर तो तासभर पुढे ढकला, चहातले टॅनिन लोह अडवतात. पदार्थ तेच, कॅलरीही तितक्याच.

पुढच्या तासाला प्रत्येकाने स्वतःच्या कालच्या दिवसाचा नाश्ता असाच ग्रॅममध्ये मांडून आणा, तेलासकट.