बाटलीतील ऊब आणि हरितगृह परिणाम : एका प्रयोगाचा अहवाल

प्रास्ताविक

डिचोली तालुक्यातील आमच्या माध्यमिक विद्यालयात नववीच्या आम्ही चार विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये हा प्रयोग केला. हरितगृह परिणाम समजावून देण्यासाठी बाटलीचा प्रयोग अनेक ठिकाणी दाखवला जातो. एका बाटलीत साधी हवा आणि दुसरीत कार्बन डायऑक्साइड भरून दोन्ही उन्हात ठेवतात आणि दुसरी बाटली अधिक तापली की परिणाम सिद्ध झाला असे सांगतात. आमच्या विज्ञानाच्या शिक्षिकांनी सुरुवातीलाच विचारले, "बाटली तापली हे ठीक, पण ती नेमकी कशामुळे तापली हे तुम्ही कसे ओळखणार?" त्यामुळे दोन बाटल्यांऐवजी तीन बाटल्या घेण्याचे ठरले, आणि अहवालाचा बराचसा भाग त्या प्रश्नाच्या उत्तराला द्यावा लागला.

मूळ कल्पना

सूर्याकडून येणारी ऊर्जा प्रामुख्याने दृश्य प्रकाशाच्या व त्याच्या आसपासच्या लहान तरंगलांबींत असते आणि ती हवेतून बऱ्याच प्रमाणात सरळ जमिनीपर्यंत पोहोचते. तापलेली जमीनही ऊर्जा बाहेर टाकते, परंतु ती सूर्यापेक्षा खूपच थंड असल्यामुळे तिचे प्रारण दहा मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त किरणांच्या रूपात असते. हवेचा सुमारे ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू या किरणांना जवळजवळ अडवत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारखे वायू मात्र ते शोषून घेतात आणि सर्व दिशांना, म्हणजे खाली जमिनीकडेही, पुन्हा सोडतात. यामुळेच पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअस राहते. हे वायू नसते आणि बाकी सर्व तसेच असते, तर ते उणे १८ अंशांच्या आसपास असते. म्हणजे हरितगृह परिणाम मुळात उपकारकच आहे. काळजी आहे ती त्याच्या वाढीची, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड औद्योगिक युगापूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता आणि आता तो ४२० भागांच्या वर गेला आहे.

पाण्याच्या वाफेचा अनुभव गोव्यातील प्रत्येकाला आहे. जानेवारीतील कोरड्या, निरभ्र रात्री पहाटेपर्यंत चांगलाच गारठा पडतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर आभाळ भरलेले असताना मध्यरात्रीही अंगाला घाम सुटतो. या फरकात इतर कारणेही मिसळलेली असतात, तरी जमिनीची उष्णता ढग व वाफ अडवून धरतात, हे त्यातील एक मोठे कारण आहे.

साहित्य आणि मांडणी

थंड पेयांच्या दोन लिटरच्या तीन सारख्या पारदर्शक बाटल्या घेऊन त्यांची लेबले पूर्ण काढली. प्रत्येकीच्या तळाशी उन्हात दोन दिवस वाळवलेली, चाळलेली जांभ्याची तांबडी माती २०० ग्रॅम घातली. माती कोरडी असणे फार आवश्यक आहे, कारण ओली माती घेतली तर पाण्याच्या बाष्पीभवनात उष्णता खर्च होते आणि तिन्ही बाटल्यांची तुलना बिघडते. तीन तापमापी आधी एकाच भांड्यातील पाण्यात बुडवून तपासल्या. त्यांपैकी एक अर्धा अंश जास्त दाखवत होती, म्हणून तिच्या प्रत्येक नोंदीतून ०.५ वजा केले. तापमापीच्या फुग्यावर थेट ऊन पडल्यास ती हवेचे नव्हे तर स्वतःचे तापमान दाखवते, यासाठी प्रत्येक फुग्याभोवती पांढऱ्या कागदाची सैल, दोन्ही टोकांना उघडी नळी ठेवली.

पहिल्या बाटलीचे तोंड उघडे ठेवले. तिला या अहवालात 'अ' म्हटले आहे. 'ब' बाटलीत साधी हवा ठेवून तोंड बंद केले, तर 'क' बाटलीत कार्बन डायऑक्साइड भरून ती बंद केली. झाकणांना भोक पाडून तापमापी बसवली आणि फट मेणाने बुजवली.

कार्बन डायऑक्साइड खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांच्यापासून तयार केला :

```
NaHCO3 + CH3COOH → CH3COONa + H2O + CO2
```

घरी माडाचे व्हिनेगर होते, परंतु त्यातील आम्लाचे प्रमाण आम्हांला निश्चित माहीत नसल्यामुळे दुकानातील, बाटलीवर ४ टक्के असे छापलेले व्हिनेगर वापरले. हिशेबानुसार १० ग्रॅम सोडा आणि २०० मिलिलिटर व्हिनेगर यांच्यापासून जास्तीत जास्त सुमारे तीन लिटर वायू मिळू शकतो. काही वायू द्रावणात विरघळून राहतो, तरी दोन लिटरची बाटली भरण्यास उरलेला पुरेसा असतो. सोड्याच्या पातळ कागदात बांधलेल्या पाच-पाच ग्रॅमच्या दोन पुड्या केल्या, कारण सगळा सोडा एकदम टाकल्यास फेस नळीत शिरतो.

ही क्रिया 'क' बाटलीतच करावी असे आम्हांला आधी वाटले होते आणि पहिल्या चाचणीत आम्ही तसे केलेही. त्या वेळी बाटली हाताला गार लागली. सोडा आणि व्हिनेगर यांची क्रिया सभोवतालची उष्णता शोषून घेते, त्यामुळे ती बाटली मुळातच थंड होऊन सुरू होते आणि तळाशी पाणीही साचते. ती चाचणी रद्द केली आणि पुढे वायू एक लिटरच्या वेगळ्या बाटलीत तयार करून रबरी नळीने 'क' बाटलीच्या तळापर्यंत सोडला. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळापासून भरत वर येतो आणि हवेला बाहेर ढकलतो. बाटलीच्या तोंडाशी धरलेली पेटती उदबत्ती विझली, तेव्हा वायू वरपर्यंत आला असे मानून झाकण लावले. त्यानंतर तिन्ही बाटल्यांचे तापमान सारखे होईपर्यंत त्या सावलीत ठेवल्या.

निरीक्षणे

प्रयोग १२, १३ आणि १७ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता शाळेच्या पटांगणात केला. तिन्ही दिवशी आकाश निरभ्र होते आणि वारा मंद होता. पहिल्या दिवसाच्या नोंदी, अंश सेल्सिअसमध्ये, अशा आहेत :

| वेळ (मिनिटे) | अ : उघडी | ब : बंद, हवा | क : बंद, कार्बन डायऑक्साइड |
|---|---|---|---|
| ० | ३१.० | ३१.० | ३१.० |
| १० | ३४.५ | ३७.५ | ३८.० |
| २० | ३६.० | ४१.५ | ४२.० |
| ३० | ३६.५ | ४३.० | ४४.० |

दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासानंतर अनुक्रमे ३६.०, ४३.० आणि ४३.५ अंश नोंदले गेले. तिसऱ्या दिवशी जागेचा परिणाम टाळण्यासाठी 'ब' आणि 'क' यांच्या जागा बदलल्या, तेव्हा 'अ' ३७.० अंशांवर आली आणि 'ब' व 'क' दोन्ही ४३.० अंशांवर थांबल्या.

विवेचन

उघड्या 'अ' आणि साधी हवा असलेल्या बंद 'ब' बाटलीतील फरक तिन्ही दिवशी ६ ते ७ अंशांचा होता. तो इतका मोठा आणि सातत्याचा आहे की त्याबद्दल शंका राहत नाही. 'ब' आणि 'क' यांच्यातील फरक मात्र एकदा १ अंश, एकदा अर्धा अंश आणि एकदा शून्य होता. आमच्या तापमापीवर अर्ध्या अंशापेक्षा बारीक वाचन करता येत नाही. म्हणून सरासरी अर्ध्या अंशाच्या या फरकावर कोणताही दावा उभारणे योग्य नाही.

बंद बाटली तापण्याचे मुख्य कारणही कार्बन डायऑक्साइड नाही. तापलेल्या मातीलगतची हवा गरम होऊन वर जाते. उघड्या बाटलीत ती तोंडातून निघून जाते आणि बाहेरची थंड हवा तिची जागा घेते. झाकण लावल्यावर अभिसरणाने होणारी ही देवाणघेवाण थांबते. बागायतीतील प्लास्टिकची किंवा काचेची हरितगृहेही मुख्यतः याच कारणाने उबदार राहतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये एका पेटीवर काच आणि दुसरीवर अवरक्त किरण सहज आरपार जाऊ देणारे खनिज मीठ बसवून दोन्ही उन्हात ठेवल्या होत्या आणि त्यांच्या तापमानांत फारसा फरक आढळला नव्हता. म्हणजे 'हरितगृह परिणाम' या नावातील उपमाच अपुरी आहे, कारण वातावरणाला झाकण नसते. तेथे उष्णता अडते ती वायूंच्या शोषणामुळे.

'क' बाटलीत थोडा फरक दिसला तरी त्याची दुसरी कारणे संभवतात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा उष्णतेचा अधिक मंद वाहक आहे आणि त्याची घनताही वेगळी आहे, त्यामुळे बाटलीतील उष्णतेचे वहन व अभिसरण बदलते. शिवाय नळीतून वायूबरोबर थोडी वाफही आलेली असणार.

तरीही बाटलीतील वायू इतका निष्प्रभ का, याचे उत्तर एका साध्या गणिताने मिळते. वातावरणातील सर्व हवा जमिनीवरील दाबाने एकत्र रचली, तर तिचा थर सुमारे आठ किलोमीटर उंचीचा होईल. त्यातील दहा लाखांत ४२० या प्रमाणातील कार्बन डायऑक्साइड वेगळा केला, तर त्याचा शुद्ध थर सुमारे ३.४ मीटर जाडीचा होतो. आमची बाटली साधारण ११ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे तिच्या आडव्या छेदात शुद्ध वायू भरूनही तो आकाशातील साठ्याच्या जेमतेम तिसाव्या हिश्शाएवढा येतो. हे गणित फळ्यावर मांडेपर्यंत आम्ही सगळे उलटेच समजत होतो की बाटलीत शुद्ध वायू असल्याने परिणाम आकाशापेक्षा जास्त दिसला पाहिजे. आणखी एक गोष्ट बाटलीत मुळीच घडत नाही. वातावरणात उंचीनुसार तापमान घटते. कार्बन डायऑक्साइड वाढला की पृथ्वीची उष्णता अवकाशात जाऊ देणारा थर अधिक उंचावर सरकतो, तो थर थंड असल्याने कमी उष्णता सोडतो, आणि येणारी व जाणारी ऊर्जा पुन्हा समान होईपर्यंत खालची जमीन व समुद्र तापत राहतात. वीतभर बाटलीत तापमानाची अशी उतरंड नसते.

आमच्यासारखाच प्रयोग युनिस फूट या अमेरिकन संशोधिकेने केला होता आणि तो १८५६ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमापी बसवलेल्या काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून त्यांनी ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइड भरलेले नळकांडे सर्वाधिक तापले आणि थंड होण्यास जास्त वेळ लागला. अशा वायूचे प्रमाण वाढल्यास पृथ्वीचे तापमान वाढेल, हे त्यांनी त्याच वेळी लिहून ठेवले. परंतु त्यांच्या मांडणीतही सूर्याचा प्रकाश आणि जमिनीचे अवरक्त प्रारण वेगळे करता येत नव्हते. ते काम १८५९ पासून जॉन टिंडल यांनी केले. लांब नळीच्या दोन्ही टोकांना खनिज मिठाच्या चकत्या लावून आणि उष्णतेचा स्रोत बाहेर ठेवून, कोणता वायू किती प्रारण शोषतो हे त्यांनी थेट मोजले.

निष्कर्ष

पहिल्या कच्च्या मसुद्यात आम्ही "कार्बन डायऑक्साइडमुळे बाटली अधिक तापते हे सिद्ध झाले" असे लिहिले होते. नोंदी पुन्हा पाहिल्यावर ते वाक्य काढून टाकले. आमच्या प्रयोगातून एवढेच म्हणता येते की सूर्यप्रकाश पारदर्शक आवरणातून आत येऊन मातीला तापवतो आणि हवेची ये-जा थांबवली तर अर्ध्या तासात आतील तापमान उघड्या बाटलीपेक्षा ६ ते ७ अंशांनी वाढते. कार्बन डायऑक्साइडच्या शोषणाचा परिणाम या मांडणीत आमच्या मोजमापाच्या मर्यादेबाहेर राहिला. तो परिणाम खरा असल्याचा आधार टिंडल यांच्यासारख्या मोजमापांत आणि आकाशातून केलेल्या प्रारणाच्या नोंदींत आहे, आमच्या बाटलीत नाही.

पुढील चाचणी

एप्रिलमध्ये प्रयोग पुन्हा करताना 'ड' ही चौथी बंद बाटली घेणार आहोत. तिच्यात खनिज पाण्याच्या बाटलीतून गेलेली ओलसर हवा असेल, जेणेकरून 'क' मधील वाफेचा वाटा वेगळा पाहता येईल. ०.१ अंशापर्यंत वाचणाऱ्या अंकीय तापमापी शाळेने देण्याचे कबूल केले आहे. त्याशिवाय ऊन गेल्यावर प्रत्येक बाटली थंड होण्यास किती वेळ लागतो, याचीही दर पाच मिनिटांनी नोंद ठेवली जाईल.