संदीपला पत्र: आधी पैशांचं, मग बाकीचं

सिडको, नाशिक

संद्या,

नव्या कंपनीचा पहिला पूर्ण पगार काल खात्यावर जमा झाला. फोनवर हा विषय काढला की तू लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागतोस, म्हणून लिहितोय. पैशांचं आधी सांगून मोकळा होतो. ते अर्धवट राहिलं तर पुढचं मनासारखं लिहिता येणार नाही.

तुझ्याकडून एकूण ६५,००० रुपये आले. त्यातले ४०,००० घराच्या हप्त्यांना गेले आणि २५,००० आर्याच्या शाळेच्या फीला. त्यापैकी ५,००० काल रात्रीच तुला पाठवलेत. उरलेले ६०,००० दर महिन्याच्या १० तारखेला पाच-पाच हजार करून देईन, म्हणजे वर्षभरात फिटतील. दिवाळीला बोनस मिळाला तर एखादा हप्ता जास्तीचा जाईल. कुठल्या महिन्यात ओढाताण झालीच, तर १० तारखेच्या आधी मीच तुला कळवेन. आणि मध्येच तुला गरज पडली तर बिनधास्त सांग. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन तुम्ही पुढे ढकललंय, हे मला ठाऊक आहे. सीमाची भिशी दसऱ्याच्या सुमारास लागणार आहे, ती रक्कम आम्ही दोघांनी तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. तू म्हणशील त्या दिवशी ती तुझ्याकडे येईल. व्याजाचं नाव काढलं तर तू चिडशील, म्हणून काढत नाही.

हे सगळं वहिनींनाही वाचून दाखव. पैसे तुझ्या खात्यातून आले असले तरी ते तुमच्या दोघांच्या संसारातून निघालेत, आणि त्यांनी एकदाही मला जाणवू दिलं नाही.

आणखी एक गोष्ट बोलून टाकतो. पैसे दिले-घेतले की दोन्ही घरांत एक अवघडलेपण शिरतं. घेणारा नवीन शर्ट घालून समोर यायला कचरतो आणि देणारा स्वतःच्या घरी काही घेतलं तर सांगत नाही, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून. आपल्यात ते नको. पुढच्या महिन्यात आर्याला सायकल घेणार आहोत, ती तुझ्यापासून लपवणार नाही. तूही गाडी बदलायचं किती दिवस बोलत होतास. बदललीस तर पेढे घेऊन ये. आणि रविवारच्या मिसळीचं बिल आता पुन्हा आळीपाळीने. गेले काही महिने तू दरवेळी माझ्या आधी काउंटरपाशी पोचायचास, ते आता बंद.

झालं पैशांचं. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

कंपनीने लाईन बंद केली आणि आम्हाला घरी पाठवलं, तेव्हा भेटेल तो एकच विचारत होता, ‘आता पुढे काय?’ तू ते विचारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला, ‘एक्सलो पॉईंटला ये, चहा घेऊ.’ मग रोजच यायला लागला. तुला वाटत असेल मला कळलं नाही, पण तेव्हाच कळलं होतं. माझ्या ड्युटीला निघायच्या वेळी घरात बसून राहणं मला सर्वांत जड जाईल, हे तू ओळखलं होतंस. चहा घेऊन तू तुझ्या शिफ्टला जायचास आणि मी बायोडेटा घेऊन अंबडमधली गेटं फिरायचो. तो चहा नसता तर कितीतरी दिवस मी घराबाहेरच पडलो नसतो.

बायोडेटाचंही तसंच. मी एका पानात उरकला होता. तू तो वाचलास आणि म्हणालास, ‘दहा पोरांना मायक्रोमीटर धरायला शिकवलंस, ते कुठे लिहिलंय? कस्टमर ऑडिटला तू उभा राहायचास, ते कुठे आहे?’ आयटीआयपासून माझं काम पाहिलेला माणूस समोर बसून एकेक गोष्ट आठवून देतोय, हे त्या दिवसांत मला फार मोठं होतं. नोकरी गेली की आपल्याला काही येतं यावरचाच विश्वास उडतो. तुझ्यामुळे तो टिकला. माळेगावच्या मुलाखतीत साहेबांनी नेमकं त्या ऑडिटबद्दलच विचारलं.

पीएफचं तर मी सोडूनच दिलं होतं. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नव्हती आणि तिथे कोणी फोन उचलत नव्हतं. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख आपल्यालाच पोर्टलवर टाकता येते, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, हे तू शोधून काढलंस. सेकंड शिफ्ट करून रात्री घरी आलास आणि माझ्या शेजारी बसून ते भरून घेतलंस. त्या रात्री सीमा बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

पिंपळगावच्या लग्नातलं तर मी कधीच विसरणार नाही. पंगतीत सगळ्यांसमोर कोणीतरी विचारलं, सध्या कुठे आहेस? माझ्या तोंडून शब्द फुटेना. तू भाताचं ताट हातात घेऊन सहज म्हणालास, ‘सध्या मुलाखती देतोय. क्वालिटीला चांगला माणूस हवा असेल तर सांगा, मी ह्याची गॅरंटी घेतो.’ तू खोटं बोलला नाहीस आणि कोणाला माझी कीवही करू दिली नाहीस. माळेगावच्या जागेची बातमी त्याच पंगतीतून आली. पण ती आली नसती तरी मी हे पत्र लिहिलंच असतं.

पैसे तू दिलेस, पण मला मागावे लागले नाहीत. ‘हप्ता कितीचा आणि किती तारखेला?’ एवढंच विचारलंस. कशाला हवेत, किती दिवसांनी देशील, काही नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत, पण मानतो. मनापासून मानतो. तू नेहमीसारखं ‘जाऊ दे रे’ म्हणू नकोस. या वेळी ऐकून घे.

आता इकडचं. द्वारकेहून कंपनीची बस मिळते. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरून ठेवलेत, त्यामुळे थोडं लवकर निघावं लागतं, पण बसायला जागा मिळते. काम ओळखीचंच आहे, फर्स्ट पीस अप्रूव्हल आणि लाईन इन्स्पेक्शन. सीएमएम मशीन नवीन आहे, ते शिकतोय. आमच्या जुन्या लाईनवरचा तुझ्या गल्लीतला मुलगा अजून घरीच आहे ना? इथे इन्स्पेक्शनला आणखी दोघं हवेत. त्याला मला फोन करायला सांग, त्याचा बायोडेटा आपण दोघं मिळून नीट करू.

या रविवारी दुपारी सगळे जेवायला या. सीमा पुरणपोळ्या करणार आहे, आणि काकूंना आवडते तशी कटाची आमटी. जिन्याची काळजी करू नका, आपण दोघं काकूंना खुर्चीत बसवून वर आणू. वहिनींना सांग, येताना काही करून आणायचं नाही. बारापर्यंत या, म्हणजे पोळ्या तव्यावरून थेट पानात पडतील.

तुझा,
महेश