कात्री घ्या, त्रिकोण कापा (वर्कशीट १ ते ३)

दोघांत एक कात्री चालेल. क्लासमध्ये हे आधीच झालं असेल तर सूत्र मोठ्याने सांगायचं नाही, बाकीच्यांची मजा जाते.

वर्कशीट १
कार्डशीटमधून ४ सारखे काटकोन त्रिकोण कापा, काटकोनाच्या बाजू ६ आणि ८ सेमी. खिडकीकडच्या रांगांनी ५ आणि ९ घ्यायचे. चौघं एकमेकांवर ठेवून बघा, तंतोतंत बसले पाहिजेत, नाहीतर पुढे सगळं फिसकटेल. आता वहीवर १४ सेमीचा चौरस काढा आणि त्याच्या चारही कोपऱ्यांत एकेका त्रिकोणाचा काटकोन बसवा, पण प्रत्येक कडेवर एकाची लहान बाजू आणि दुसऱ्याची मोठी बाजू यायला हवी. मधे तिरकी रिकामी जागा उरते, ती चौरसच आहे का? गुण्या लावून कोन तपासा. तिची बाजू म्हणजे त्रिकोणाची कुठली बाजू?

वर्कशीट २
तेच त्रिकोण, तोच चौरस. दोन-दोन जोडून दोन आयत करा आणि एक उभा, एक आडवा असे समोरासमोरच्या कोपऱ्यांत सरकवा. आता रिकामे चौरस किती, केवढे? त्रिकोण तर आपण एकही काढला नाही, मग आधीची रिकामी जागा आणि आत्ताची यांचं काय नातं? आधी शब्दांत लिहा, मग आकडे टाकून ताळा करा.

वर्कशीट ३
बाजू ६, ८, ९ आणि ६, ८, १२ असे दोन त्रिकोण कंपासने काढा. तिन्ही बाजूंवरच्या चौरसांची क्षेत्रफळं काढा. तुमचं नातं इथे चालतं का? कोन मोजून कारण लिहा.