सोडून जाणाऱ्यांशी बोलताना: विचारायचे प्रश्न आणि त्यानंतरचं काम

सर्व शिफ्ट मॅनेजर, हेड शेफ आणि अकाउंट्ससाठी

गेल्या सहा महिन्यांत किचन आणि फ्लोअर मिळून आपले नऊ जण गेले. त्यांचे नऊ फॉर्म माझ्यासमोर आहेत. सहांवर 'घरगुती कारण', दोघांवर 'चांगली संधी', एकावर नुसती सही. घरगुती कारणवाल्यांपैकी दोघं आज दुसऱ्या रेस्टॉरंटमध्ये तेच काम करतायत. म्हणजे अडचण घरात नव्हती, आपल्याकडे होती. त्यांनी ती सांगितली नाही, कारण आपण नीट विचारलीच नाही. जुना फॉर्म एक तारखेपासून बंद.

कोणी, कधी, कुठे

ज्याच्या हाताखाली माणूस काम करत होता, त्याने हे बोलणं करायचं नाही. शेफच्या ओरडण्याला कंटाळून निघालेला मुलगा शेफसमोर बसून तसं सांगणार नाही. किचनच्या लोकांशी अकाउंट्सने बोलावं, फ्लोअरच्या लोकांशी मी बोलेन.

शेवटच्या रात्री क्लोजिंगनंतर बसवू नका. तेव्हा त्याला फक्त घर दिसत असतं. शेवटच्या आठवड्यात, दुपारची सर्व्हिस उरकल्यावर अर्धा तास घ्या, आणि तो ड्यूटीत धरा. ऑफिसची काच सगळ्यांना दिसते, म्हणून मागच्या कोपऱ्यातलं टेबल बरं. ज्याला रोज 'अरे' म्हणता त्याला आज अचानक 'अहो' करू नका. तो सावध होतो. खालचे प्रश्न मी 'तुम्ही' धरून लिहिलेत, ते आपापल्या तोंडी बसवून घ्या.

सुरुवात अशी करा: "तुमचा हिशेब झालाय, कागद हा घ्या. आता काय बोलाल त्यावर त्यातला एक पैसा हलणार नाही. मी लिहून घेईन, पण नाव घालणार नाही. कुणी अंगचटीला आलं असेल, मारहाण झाली असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मात्र ते मला वर सांगावंच लागेल. ते आधीच सांगून ठेवतो." हिशेबाचा कागद खरोखर हातात द्या. पैसे अडकलेले असले की माणूस गोड बोलतो.

प्रश्न

१. सोडावं असं पहिल्यांदा कधी वाटलं? त्या दिवशी काय झालं होतं?

बाकी सगळं राहिलं तरी हा प्रश्न सोडू नका. 'का सोडताय' याला लोकांकडे तयार उत्तर असतं, 'कधी वाटलं' याला नसतं, आठवावं लागतं. गेल्या महिन्यात मी कोल्ड सेक्शनच्या एका मुलीला हे विचारलं. तिच्या फॉर्मवरही घरगुतीच लिहिलेलं होतं. ती थोडा वेळ बोटाने टेबलावरचा पाण्याचा ओघळ पुसत राहिली, मग म्हणाली, एक रविवार. रात्री दीडला क्लोजिंग करून निघताना चार्टकडे नजर गेली, तर दुसऱ्या दिवशीच्या ओपनिंगला कुणाचं तरी नाव पेनाने खोडून तिचं लिहिलेलं. सकाळी नऊला हजर. "ओपनिंगचं काही नाही हो," ती म्हणाली, "पण मला विचारायचं असतं, हेच इथे कुणाला वाटत नाही, ते त्या रात्री कळलं." त्यानंतर ती चार महिने राहिली आणि काम चोख केलं. आपल्याला पत्ताही लागला नाही.

२. पहिल्या पंधरा दिवसांत काम कुणी शिकवलं? काय चाचपडत शिकावं लागलं?

३. ड्यूटी चार्ट किती दिवस आधी कळायचा? ठरलेली सुट्टी किती वेळा ऐन वेळी गेली?

४. स्प्लिट शिफ्ट असली की मधले तास कुठे काढायचात?

५. शिफ्टमध्ये बसून जेवायला मिळायचं का? 'हो' म्हणाले तर काल किती वाजता जेवलात, ते विचारा.

६. टिप कशी वाटली जाते, मला समजावून सांगा.

इथे उत्तर दुरुस्त करू नका. दोन वेटरनी दोन वेगळ्या पद्धती सांगितल्या, तर वाटप चोख असूनही संशय आहे, आणि संशय माणसं घालवतो. भांडी घासणाऱ्यांनाही हा प्रश्न विचारा, त्यांना वाटा मिळतो की नाही हे माहीत आहे का तेही.

७. कुणाबरोबर शिफ्ट लागली की यायला नको वाटायचं? आणि कुणाबरोबर बरं वाटायचं?

दुसरा भाग विसरू नका. कोण माणसं धरून ठेवतो, हे तिथेच कळतं.

८. गर्दीच्या वेळी ऑर्डर चुकली तर काय व्हायचं?

९. कुठलं यंत्र, कुठली जागा रोज डोकं फिरवायची? एक्झॉस्ट, निसरडी फरशी, बंद पडणारा प्रिंटर, काहीही.

१०. नव्या ठिकाणी असं काय मिळतंय जे इथे नव्हतं? उत्तर 'पगार' आलं तर पुढे विचारा: तेवढाच इथे मिळाला असता तर थांबला असतात? मग तीन सेकंद गप्प बसा.

११. परत यायचं झालं, तर आधी काय बदललेलं पाहिजे?

१२. घरातल्या कुणाला इथे कामाला लावाल?

बोलताना बाजू मांडू नका. "तसं नव्हतं ते" असं एकदा म्हणालात की उरलेली उत्तरं 'सगळं चांगलं होतं' अशीच येणार. महिन्याभराने पहिला आणि दहावा प्रश्न फोनवर पुन्हा विचारा, त्यांची हरकत नसेल तर. तोवर भीड चेपलेली असते.

उत्तरांचं काय करायचं

त्याच संध्याकाळी त्यांच्याच शब्दांत लिहा. 'शेफ सगळ्यांसमोर ताट ढकलतो' याचं 'संवादाचा अभाव' करू नका. दुसऱ्या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. वहीत चारच रकाने: सेक्शन, किती दिवस टिकले, पहिला विचार कधी आला, कशामुळे. आपण इनमीन तीस माणसं आहोत, नाव नसलं तरी कोण बोललं ते लगेच ओळखू येतं. म्हणून वही माझ्याकडे राहील आणि तीन महिन्यांची उत्तरं एकत्र करूनच बैठकीत येतील.

वाचताना आधी टिकण्याचा काळ बघा. तीन महिन्यांच्या आत गेलेल्यांची उत्तरं बहुतेक वेळा भरतीकडे आणि शिकवण्याकडे बोट दाखवतात: काम काय असणार हे आपण घेताना खरं सांगितलं नाही, किंवा पहिल्याच दिवशी गर्दीत लोटून दिलं. वर्ष-दोन वर्षं काढून गेलेल्यांचं दुखणं वेगळं: पुढे जायला जागा नाही, नव्याला आपल्याइतकाच पगार, किंवा वरचा माणूस बदलला. दोन्हींवर एकच औषध चालत नाही.

एकाने सांगितलं तर नोंद ठेवा. तिघांनी तेच सांगितलं तर बैठकीत घ्या. छळ, मारहाण आणि सुरक्षिततेला हा हिशेब लागू नाही. तिथे एकच तक्रार पुरे आणि ती त्याच दिवशी माझ्याकडे. रागाने निघालेला माणूस वाढवून सांगतो, हेही खरं. म्हणून काही बदलण्याआधी, जे आहेत त्यांच्याशी चहा घेताना तेच विचारा: "इथून निघावं असं शेवटचं कधी वाटलं होतं?" गेलेल्यांना आपण परत आणत नाही, ही सगळी खटपट राहिलेल्यांसाठी आहे.

प्रत्येक बदलाला एक माणूस आणि एक तारीख हवी. पहिले दोन मी ठरवून टाकलेत. पुढच्या आठवड्याचा चार्ट गुरुवारी दुपारी चारपर्यंत लागेल आणि नंतरचा बदल त्या माणसाने 'हो' म्हटल्याशिवाय होणार नाही. क्लोजिंग आणि पुढच्या शिफ्टमध्ये अकरा तासांचं अंतर राहील. दोन्हींची जबाबदारी शिफ्ट मॅनेजरची, सुरुवात एक तारखेपासून. हे ब्रीफिंगमध्ये मोठ्याने सांगा, आणि सोडून गेलेल्यांनी सुचवलं म्हणून बदलतोय, हेही सांगा. तीन महिन्यांनी बघू, नव्वद दिवसांच्या आत किती गेले ते.

भांडी विभागातल्या दोघांचा शेवटचा आठवडा सोमवारी सुरू होतोय. अकाउंट्सने मंगळवारी आणि बुधवारी दुपारी साडेतीनला एकेकाशी बोलावं. मागच्या टेबलाशेजारचा फ्रीज फार आवाज करतो, तेवढा अर्धा तास तो बंद ठेवा.